साडेनऊचा फोन साडेदहावर का गेला?

"ताई, मी २६ वर्षांची. फोंड्याजवळच्या गावात राहते, वेर्ण्याला एका औषध कंपनीत नोकरी करते. गेल्या मे महिन्यात मैत्रिणीच्या लग्नात एक मुलगा भेटला, चांगलं जुळलं आणि सप्टेंबरअखेर तो मास्टर्स करायला जर्मनीला गेला. जेमतेम चार महिन्यांची ओळख. सुरुवातीला रोज रात्री साडेनऊला तासभर बोलायचो. दिवाळीनंतर सगळं बिनसलं. आता तो साडेदहा-अकराला फोन करतो, मी पेंगत असते, 'जेवलीस? जेवलास?' करून दहा मिनिटांत संपतं. कधी दोन-दोन दिवस फोनच नाही. लास्ट सीन मात्र दिसत असतो. घरी फक्त वहिनीला ठाऊक आहे. आई स्थळं बघतेय, फेब्रुवारीत एक मुलगा बघायला येणार आहे. मी दोन वर्षं थांबायला तयार आहे. पण त्याचंच मन उडत चाललंय का? हे टिकवायचं कसं, की वेळीच सोडून देऊ?"

बाय, तुझ्या पत्रातला 'दिवाळीनंतर' हा शब्द मी दोनदा वाचला आणि कॅलेंडर काढून बसले. गेल्या वर्षी भाऊबीज २३ ऑक्टोबरला, गुरुवारी होती. त्याच आठवड्यातल्या रविवारी, २६ तारखेला, जर्मनीत घड्याळं एक तास मागे गेली. युरोपात दर वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती मागे जातात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे येतात. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार तास. म्हणजे तो संध्याकाळी सहाला मोकळा होत असेल, तर ऑक्टोबरात तुझे साडेनऊ वाजलेले असायचे आणि आता साडेदहा वाजलेले असतात. त्याने वेळ बदललेली नाही. तो अजूनही सहालाच फोन लावत असेल.

त्यात आणखी एक भर. तिथला हिवाळी सेमिस्टर कागदावर ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला सुरू होतो, पण तासांना खरी सुरुवात महिन्याच्या मध्यावर होते. तुमच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांच्या लांबलचक गप्पा त्याच्या जवळजवळ रिकाम्या दिवसांतल्या होत्या. तू त्या दिवसांची फूटपट्टी घेऊन आताचे दिवस मोजते आहेस आणि म्हणून ते सगळे आखूड भरताहेत.

त्याचं मन उडालेलं नाही, असं मी छातीठोक सांगत नाही. ते मला इथे बसून कळणार नाही. पण तुझ्या हातात जो पुरावा आहे त्यावरून तसं ठरत नाही, एवढं नक्की.

लास्ट सीनचं म्हणशील तर तो पुरावा त्याहून कच्चा. परदेशात चार-पाच जणांत घर घेऊन राहणाऱ्या मुलाचा फोन दिवसभर खणखणत असतो. भांडी कोणी घासायची याचा ग्रुप, प्रोजेक्टचा ग्रुप, अर्धवेळ कामाच्या पाळीचा ग्रुप. तिथे 'ओके' टाकायला तीन सेकंद लागतात. तुझ्याशी बोलायला त्याला निवांतपणा लागतो आणि तो नसला की तो तुला उत्तर द्यायचं पुढे ढकलतो. जवळच्या माणसाच्या बाबतीत आपण सगळेच हे करतो. दोघांनी बोलून, रुसून नव्हे, लास्ट सीन बंद करा. तू तुझं बंद केलंस की तुलाही इतरांचं दिसत नाही, आणि तुझ्या बाबतीत हाच फायदा आहे.

आता त्या रात्रीच्या फोनकडे वळू. तुझा दिवस मी मांडून पाहिला. सकाळी कंपनीची बस, पाचला सुटका, बोरीचा पूल ओलांडून घरी पोचायला सव्वासहा. सात ते दहा तू जरा मोकळी असतेस, पण तेव्हा त्याचे अडीच ते साडेपाच वाजलेले असतात, म्हणजे तो वर्गात किंवा लॅबमध्ये. तो सुटतो तेव्हा तुझे डोळे मिटत असतात. मधल्या वारांना तुम्हा दोघांची सामाईक वेळ उरलेलीच नाही. हे प्रेमाने सुटणारं गणित नाही, वेळापत्रकाने सुटणारं आहे. त्याच्याकडून त्याचं टाइमटेबल फोटो काढून मागव आणि तुझ्या पाळ्या त्याला पाठव. चार महिन्यांत तुम्ही हे केलेलं नाही, असं तुझ्या पत्रावरून दिसतं.

माझं स्पष्ट मत असं की रोजचा फोन सोडून द्या. हे ऐकून तुझ्या पोटात गोळा येईल, मला कळतं. रोजचा फोन हीच नातं असल्याची खूण, असं तू धरून चालली आहेस. ज्यांचं लग्न होऊन दहा वर्षं झाली आहेत, त्यांना 'जेवलास?' पुरतं. त्या एका शब्दामागे दहा वर्षांची जेवणं असतात. तुमच्यामागे चार महिने आहेत. तुम्हाला अजून एकमेकांची माहितीच व्हायची आहे आणि पेंगत विचारलेल्या 'जेवलास?' मधून ती होत नाही. तुमचा फोन कंटाळवाणा झाला तो तुम्ही एकमेकांना कंटाळलात म्हणून नाही. रोज रात्री सांगण्यासारखं नवीन काही उरत नाही, म्हणून झाला.

आमच्या लहानपणी शेजारच्या घरातले काका बहारीनला होते. फोन करायचा तर ट्रंक कॉल लावून बसावं लागे, म्हणून ते कॅसेट पाठवायचे. गावचं कोणी सुट्टीवर आलं की त्याच्याबरोबर एक कॅसेट यायची. काकी दुपारची आवराआवर झाली की टेपरेकॉर्डर ओसरीवर आणून ऐकायची. अर्धा तास काका एकटेच बोलायचे. खोलीतला पंखा, सोबत राहणाऱ्या केरळी माणसाच्या फोडणीचा आवाज, मध्येच विसरलेला शब्द आठवण्यासाठी थांबणं. मग काकी कॅसेट उलटी करून दुसऱ्या बाजूला आपलं बोलणं भरायची आणि बोलता बोलता माडावरचे नारळ पाडणाऱ्याला हाक मारायची, तीही त्यात जायची. ती कॅसेट ती आठवडाभर ऐकायची. दोघांनी एकाच वेळी जागं असण्याची गरजच नव्हती.

तुझ्याकडे तीच सोय व्हॉइस नोटची आहे. सकाळी पोदेर भोंपू वाजवत येतो, तेव्हा तिकडे रात्रीचे दोन वाजलेले असतात. तू दारात उभी राहून दोन मिनिटं बोललीस तर तो उठल्यावर ऐकेल, बसथांब्यावर, कानात घालून, आणि पोदेराचा भोंपूही ऐकेल. तो दुपारी विद्यार्थ्यांच्या कँटीनमध्ये जेवायला निघाला की बोलेल. तिकडचा एक म्हणजे तुझे साडेपाच, तू परतीच्या बसमध्ये असशील. बसमध्ये शेजारी सहकारी बसलेली, तिथे तुला बोलता येणार नाही, पण ऐकता येईल. दिवसाला एक, दोन-तीन मिनिटांची, एवढं पुरे. एक पथ्य मात्र पाळ. नोट ऐकली की समोरच्याला निळी खूण दिसतेच, ब्लू टिक बंद केली तरी व्हॉइस नोटची ती बंद होत नाही. त्यामुळे 'ऐकलंस आणि उत्तर दिलं नाहीस' हा नवा वाद उभा राहू शकतो. उत्तर चोवीस तासांत कधीही चालेल, असं आधीच ठरवून टाका.

नोटमध्ये दिवसाचा अहवाल नको. घडलेली एकच गोष्ट नीट सांगायची आणि शेवटी एक खरा प्रश्न विचारायचा. तुमच्या घरी पैशावरून भांडणं होतात का? तुझ्या बाबांशी तू शेवटचं मोकळेपणाने कधी बोललास? थंडीत चार-सव्वाचारला अंधार पडतो, तेव्हा तू काय करतोस? तिथला डिसेंबर-जानेवारी आपल्या माणसांना जड जातो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तो देईल तेव्हा त्याचं गप्प होणं तुझ्यामुळे किती आणि काळोखामुळे किती, हेही तुला उमगेल.

आणि आठवड्यातून एकदा मोठा फोन, रविवारी दुपारी तीनला. तिकडे साडेदहा वाजलेले असतील. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे बाजारहाटीचं काम नसतं, झोपही पुरी झालेली असते. निदान तासभर बोला, पण दर वेळी समोरासमोर चेहरे धरून बसू नका. काहीतरी करत बोला. माझ्या ओळखीची एक मुलगी दर शुक्रवारी रात्री तिकडच्या मुलाला मूग भिजवायची आठवण करायची. शनिवारी तो ते फडक्यात बांधून हीटरजवळ ठेवायचा आणि मोडांचा फोटो पाठवायचा. एकदा मोड आलेच नाहीत, एकदा वास मारला. रविवारी ती सांगत जायची आणि तो डब्यातल्या नारळाच्या दुधात मूगागाठी करायचा. गूळ नसला की साखर. त्या अडीच दिवसांत दोघांच्या दहा बारीकसारीक देवाणघेवाणी व्हायच्या आणि त्यात त्याचा चिडचिडेपणा, त्याचं हसणं, कामाची पद्धत, सगळं तिला दिसायचं. 'आय मिस यू' मध्ये यातलं काही दिसत नाही.

इथे तू म्हणशील, रविवारी दुपारी घरात सगळी असतात, बोलू कुठे? मला वाटतं, तुझी खरी अडचण इथेच आहे. तुझा फोन रात्री अकराला होतो तो काही फक्त घड्याळामुळे नव्हे. तो चोरून होतो म्हणूनही रात्री होतो. पांघरुणाखाली, दबक्या आवाजात, दाराकडे कान ठेवून बोलणाऱ्या मुलीचं बोलणं आखूडच होणार. घरच्यांपासून लपवलेल्या नात्याला दिवसाचा उजेड मिळत नाही आणि लांबच्या नात्याला नेमका तोच लागतो, कारण दोघांचा सामाईक वेळ दिवसाच आहे.

म्हणून आईशी बोल. फेब्रुवारीतला तो मुलगा यायच्या आधी. वहिनीला बरोबर घे. 'मला याच्याशीच लग्न करायचं आहे' असं सांगायची गरज नाही, कारण ते तुलाही अजून ठाऊक नाही. जेवढं खरं आहे तेवढंच सांग. एक मुलगा आवडतो, तो शिकायला गेलाय, आम्ही एकमेकांना ओळखून घेतोय, चवथीपर्यंत मला वेळ दे, तोवर कोणाला घरी बोलवू नकोस. आई चिडेल, जातपात-घराणं विचारेल, दोन दिवस अबोलाही धरेल. पण एखाद्या परक्या मुलासमोर तू चहाचा ट्रे घेऊन मनात दुसराच धरून उभी राहणं हा त्या मुलावरही अन्याय आहे. तो बिचारा सुट्टी काढून, आईवडिलांना घेऊन येणार.

चवथ मी उगाच म्हटलं नाही. यंदा ती १४ सप्टेंबरला आहे. त्याचा उन्हाळी सेमिस्टर साधारण जुलैच्या मध्यावर-अखेरीला थांबतो आणि पुढचे तास ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात. गोव्याचा मुलगा वर्षातून एकदाच येणार असेल तर चवथीलाच येईल, आणि तेव्हा त्याला सुट्टीही आहे. फक्त त्याच्या काही परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरात असू शकतात, म्हणून तारखा कळल्याशिवाय तिकीट काढू नये. येत्या शिगम्याला ये म्हणून मात्र हट्ट धरू नकोस. फेब्रुवारी-मार्च हे त्याच्या परीक्षांचे महिने. शिवाय पैशाचं गणितही समजून घे. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो एका बंदिस्त खात्यात आधी भरावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच हातात येतात. भाडं, विमा, जेवण त्यातच. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, ते तो सुट्टीत करतो. विमानाचं तिकीट त्याच्यासाठी खूप मोठी रक्कम आहे. तो येत नाही म्हणजे त्याला यायचं नाही, असं धरू नकोस.

आता तुझ्या त्या दोन वर्षांबद्दल. तू 'थांबायला तयार आहे' म्हणतेस, पण हा आकडा तुला कोणी दिला? मास्टर्सचे चार सेमिस्टर कागदावर असतात. तिथे ते पाच होणं नवलाचं नाही, कारण प्रबंधालाच बहुधा सहा महिने जातात. पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने राहायची परवानगी मिळू शकते. नोकरी लागली की तिथे दोन-चार वर्षं काढणं आलंच, शिक्षणाचं कर्ज असेल तर जास्तच. म्हणजे तू दोन वर्षं थांबून जो मुलगा परत येईल अशी कल्पना करते आहेस, तो कदाचित परत यायचाच नसेल. तो तुला तिकडे ये म्हणेल. तुला वेर्ण्याची नोकरी सोडून जायचं आहे का? आईवडिलांचं काय? मला तुझ्या पत्रात याचा एक शब्दही दिसला नाही. त्याच्या मनात काय आहे, हे तू विचारतेस. तुझ्या मनात काय आहे, हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस.

म्हणून त्याला 'तुझं माझ्यावर प्रेम उरलंय का' असं विचारू नकोस. दमलेला माणूस त्याचं उत्तर चिडून देतो किंवा गोड खोटं देतो. असं विचार: कोर्स संपल्यावर तू गोव्यात यायचं म्हणतोस की तिथेच बघायचं? आज नक्की नसेल तर कल कुठे आहे? रविवारच्या फोनवर विचार, रात्री नव्हे आणि टाइप करून तर अजिबात नव्हे. त्याचं उत्तर 'माहीत नाही' असू शकतं. चार महिने झालेल्या मुलाचं ते प्रामाणिक उत्तर आहे. पण 'माहीत नाही' नंतर तो तुला काही विचारतो का, ते बघ. तुला काय वाटतं, तू येशील का, असं त्याच्या तोंडून आलं तर तो तुला धरून विचार करतोय. विषय बदलून 'आज इथे बर्फ पडला' सुरू झालं तर ते लक्षात ठेव.

मन उडतंय की वेळ नाही, हे ओळखायची माझी खूण फोनांच्या संख्येत नाही. ठरलेला फोन चुकला तर पुढची वेळ कोण सुचवतं, ते मी बघते. वेळ नसलेला माणूस म्हणतो, 'आज नाही जमत, उद्या तुझ्या साडेपाचला करू का?' मन नसलेला म्हणतो, 'बघू.' वेळापत्रक लावून, व्हॉइस नोट सुरू करून तू पाच-सहा आठवडे दे. त्यात परीक्षेचे दिवस आले तर ते मोजू नकोस. एवढ्या काळात दर वेळी तूच नवीन वेळ काढत राहिलीस, तुझ्या प्रश्नांना उत्तरं आली पण तुला प्रश्न आले नाहीत, तर एकदा हे सगळं त्याच्यापुढे मांड आणि तरीही काही हललं नाही, तर सोड. चार महिन्यांची ओळख सोडताना रडू येईल, येऊ दे, पण तू कोणाला फसवलेलं नसशील.

भांडणाचं एक राहिलं. लांबून बोलणारी माणसं भांडण टाळतात, कारण मिळालेला अर्धा तास कोण खराब करणार. त्यामुळे समोरचा माणूस आपल्याला आहे त्याहून गोड वाटू लागतो. अमेरिकेत लॉरा स्टॅफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली कॉलेजातल्या अशा लांबच्या जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जी जोडपी पुन्हा एका गावात राहायला आली, त्यांतली सुमारे एक तृतीयांश तीन महिन्यांत तुटली. एकत्र आल्यावर! तिथली मुलं आणि आपली मुलं वेगळी, पण कारण मला ओळखीचं वाटलं. फोनवरचा माणूस आणि दारात उभा असलेला माणूस यांत अंतर पडलेलं असतं. तेव्हा राग आला तर रविवारी, फोनच्या सुरुवातीला सांग, शेवटच्या दहा मिनिटांत काढू नकोस. आणि चवथीला तो आला की फक्त मिरामारच्या वाळूत बसून परत येऊ नकोस. त्याच्याबरोबर बँकेत रांगेत उभी राहा, भर पावसात कदंबाच्या बसने पणजीला जा, त्याच्या आईसमोर तो कसा बोलतो ते बघ. कंटाळवाण्या दोन दुपारी त्याच्यासोबत काढ.

आता या आठवड्यात करायचं काम. आज रात्री तो साडेदहाला फोन करेल तेव्हा उचलू नकोस, झोप. त्याआधी संध्याकाळी बसमधून त्याला एवढंच लिही: "तुझे सहा म्हणजे आता माझे साडेदहा झालेत, हे माझ्या आजच लक्षात आलं. मी जागी राहू शकत नाही. तुझं टाइमटेबल पाठव. आणि रविवारी तुझ्या साडेदहाला, माझ्या तीनला, तासभर मोकळा राहशील का? मला तुला एक विचारायचंय, काळजीचं नाही."